एका स्टारचं उत्तर

लातुरात क्लासच्या मुलींसाठी राहण्या-जेवणाची मेस चालवायची म्हणजे हजार आयांची सासू व्हायचं. जगदेवीबाई बिरादारांनी ते वर्षानुवर्षं केलं होतं, आणि त्यांच्या तोंडाला लागायची हिंमत गल्लीत एकाच बाईत होती. ती म्हणजे समोरची महामाया. तिचीही मुलींचीच मेस. दोघींच्या दारांत एक रिक्षा मावेल एवढंच अंतर, पण बोलणं असं की मध्ये गोदावरी वाहतेय.

महाशिवरात्रीनंतर जगदेवीच्या मेसवर गुगलला एक स्टार पडला. खाली लिहिलं होतं: "उपवासाच्या भगरीने मुलीला उलट्या झाल्या. फोन केला तर कुणी उचलला नाही. आपल्या लेकी इथे ठेवू नका." नाव नुसतं शिवशंकर.

तेही जगदेवीने गिळलं असतं. पण महामायाने त्याचा फोटो काढून नांदेडच्या पालकांच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडलेल्या चित्रासह: "लेकींना जपा." ज्या ग्रुपवरून जूनमध्ये जगदेवीच्या अर्ध्या मुली यायच्या, तोच हा ग्रुप. या जूनला मेस रिकामी राहिली तर गॅसची शेगडी विकायची वेळ येणार होती.

जगदेवीचं डोकं तापलं. शिवशंकर नावाचा पालक कुणी नाहीच, हा महामायाचाच कुणीतरी भाचा असणार, असं तिने मनाशी पक्कं केलं. फोन हातात घेऊन तिने उत्तर लिहायला घेतलं, आणि त्यात महामायाच्या माहेरापासून तिच्या पातळ वरणापर्यंत सगळं आलं. पाठवण्याआधी शुद्धलेखन तपासायला तिने ते बहिणीच्या मुलीला, मंजुश्रीला पाठवलं. मंजुश्री नांदेडला एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. पाहुण्यांच्या तक्रारींना उत्तरं देणं हे तिचं रोजचं काम.

तिचा लगेच फोन आला. "मावशी, हे टाकू नको. तो खोटा असंल तरी तू त्याच्यासाठी लिहीत न्हाईस. जो वाचायलाय, त्याच्यासाठी लिहितीस."

"मग काय त्याच्या पाया पडू?"

"पडू नको. शांत राहा. काय झालं ते नेमकं लिही, आता काय बदललंस ते लिही, आणि तुझा नंबर दे. पुढचं बोलणं फोनवर. एक मात्र ध्यानात ठेव, पोरगी कोण, तिला काय झालं, हे आपण उघड लिहायचं न्हाई. ते तिच्या घरचं हाय."

भगरीचं जगदेवीला ठाऊकच होतं. शिवरात्रीला आख्ख्या मेसचा उपवास, मुलींनाही भगर आणि दाण्याची आमटी. ऐनवेळी भगर कमी पडली म्हणून तिने बाजारातून सुटं पीठ आणलं होतं, आणि त्या रात्री चार-पाच मुली ओकल्या होत्या. त्या धावपळीत फोन कोण उचलणार? ऊन लागलं असेल म्हणून तिने तेव्हा स्वतःची समजूत काढली होती. आता ते लिहायचं म्हणजे जिभेवर निखारा ठेवायचा. तरी तिने लिहिलं, कारण मनात एक गोड विचार होता. नंबर दिला की खोटा माणूस फोन करणार नाही, आणि महामाया जगासमोर उघडी पडेल.

"शिवशंकरजी, शिवरात्रीच्या फराळाला आम्ही सुटं भगरीचं पीठ वापरलं. ती आमची चूक. काही मुलींना त्रास झाला, आणि तुमचा फोन उचलला गेला नाही, याबद्दल माफी मागते. सुटं पीठ बंद केलं आहे. आता पाकिटातली भगर निवडून, धुऊन लागेल तेवढीच शिजवतो. तुमच्याशी मला स्वतः बोलायचं आहे. दुपारी चार ते सहा या नंबरवर फोन करा. जगदेवी बिरादार."

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. माणूस खरा निघाला. देगलूरकडचा शेतकरी, मुलगी खरंच तिच्याकडे जेवणारी. त्याने आधी पोटभर शिव्या घातल्या. जगदेवीने दात आवळून ऐकल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाचं बोलणं मध्ये तोडलं नाही, आणि ते तिला फार जड गेलं.

"पोरगी आता बरी हाय," शेवटी तो म्हणाला. "मला लई राग त्या फोनचा आला होता, बाई. रातभर लावून राहिलो होतो."

जगदेवीने त्याला स्वयंपाकघरातल्या बाईचाही नंबर दिला. आठवडाभराने त्याने आपलं लिहिणं बदललं. बाईंनी चूक मान्य केली, आता जेवण नीट आहे, असं लिहून चार स्टार दिले. पाचवा राखून ठेवला. गंमत म्हणजे नांदेडच्या ग्रुपवर त्या उत्तराचाही फोटो फिरला, आणि "चूक कबूल करणारी बाई बरी" म्हणत लोक जूनच्या जागेसाठी विचारू लागले.

मेस वाचली. पण जगदेवीचं पोट काही भरलं नाही. महामाया तशीच समोर हसत उभी होती.

एप्रिलमध्ये तीच वेळ महामायावर आली. कुणा आईने लिहिलं: "मुलगी चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेलं नाही, वरण म्हणजे पाणी." परीक्षा तोंडावर आलेली. महामाया दोन दिवस धुमसली, आणि तिसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून जगदेवीच्या ओट्यावर आली.

"आक्का, तू काय लिवलं होतंस गं? लोक तुझी तारीफ करून राहिले."

जगदेवीने तिला चहा दिला. हा चहा ती किती दिवस मनात उकळत होती ते तिलाच ठाऊक.

"घाबरायचं न्हाई," ती म्हणाली. "गप बसलीस तर लोक म्हणतील, हिचंच चुकलं. खरं काय ते बेधडक लिही. पोरगी कोण, कशानं पडली, समदं."

"नावासकट?"

जगदेवीने बशीत चहा ओतला. "नावाशिवाय लोकांना पटंल व्हय?"

त्या संध्याकाळी महामायाने लिहिलं. चक्कर येऊन पडलेल्या पुनमचं नाव, गाव, क्लास, सगळं. पोरगी रात्रभर एका पोराशी फोनवर असते, जेवत नाही, म्हणून पडते, आणि आईबापाला पत्ता नाही. तासाभरात ते लातूर, उदगीर, नांदेड फिरून आलं.

दोन दिवसांत महामायाच्या मेसमधून मुली निघू लागल्या. तिघी जगदेवीकडेच आल्या. तिने त्यांना वाढताना पातेल्यातलं दाट वरण काढून दिलं, आणि त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी ती गॅलरीत आली तेव्हा खाली जीप उभी होती. पुनमचा बाप गादी बांधत होता. पुनम पुस्तकांचं खोकं छातीशी धरून उभी होती. बापाने ते तिच्या हातातून घेतलं आणि जीपमध्ये न ठेवता महामायाच्या पायरीवर ठेवलं.

"पुस्तकं कशाला नेतीस आता," तो म्हणाला. परीक्षा दोन आठवड्यांवर होती. पोरगी ओढणी डोक्यावर घेऊन मागच्या सीटवर बसली.

जगदेवीला वाटलं, हाक मारावी, आपल्याकडे ठेवून घ्यावं. पण कोणत्या तोंडाने मारणार? जीप गेली. तेवढ्यात मंजुश्रीचा फोन आला.

"मावशी, तुझ्या समोरच्या बाईनं त्या पोरीचं नाव लिवलंय. सगळीकडं फिरायलंय. एवढं कसं कळलं न्हाई तिला? तू तरी सांगायचंस."

"मीच सांगितलं," जगदेवी म्हणाली. "म्हणून तर लिवलं तिनं."

पलीकडून मंजुश्रीने फोन ठेवून दिला.