चौकोन आणि प्रश्नचिन्हं

लग्नविधी गाऊन पार पाडणाऱ्या धवलारीण जानकीबाईंची लग्नगीतं मनालीने लतीफ सरांच्या भिवंडीतल्या क्लासात टाइप करून युनिकोडमध्ये ठेवली होती. आता जानकीबाई राहिल्या नव्हत्या, आणि त्या एकुलत्या फाइलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं होती.

"घरी चौकोन दिसले, सर. बिघडली वाटून एएनएसआयमध्ये सेव्ह केली. सूचना आली, तिला ओके केलं."

"चौकोन दिसले म्हणजे फक्त फाँट नसतो, बेटा. अक्षरं शाबूत असतात. प्रोग्राम कुठलाही असो, देवनागरीचा फाँट मिळाला की दिसतात. एएनएसआय मात्र जुनी, इंग्रजीसारख्या लिपीपुरती पद्धत; तिच्यात आपली अक्षरं मावतच नाहीत, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात."

"मग आता टाका ना फाँट!"

"आता दाखवायला अक्षरंच उरली नाहीत गं." टायपिंग शिकवताना हे सांगायचं राहून गेलं, याची सरांना चुटपुट लागली. "तुला किती पाठ आहे?"

मनालीने हळदीचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीवर ती अडली.