रॅमच्या दोन पट्ट्या

ताईच्या घशाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते. आवाज कायमचा जाणार हे आधीच ठरलेलं होतं. म्हणून दोघी बहिणींनी सहा आठवडे खपून ताईच्या आवाजात पाचशे वाक्यं कॉम्प्युटरवर नोंदवली होती. त्यांवरून एक कंपनी ताईसारखाच बोलणारा आवाज तयार करून देणार होती. निदान तीनशे वाक्यं धड हवीत, एवढीच अट.

आणि आता धाकटी दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून त्याच कॉम्प्युटरचा, बंद पडताना येणारा निळा पडदा चौथ्यांदा बघत होती. कर्नेल सिक्युरिटी चेक फेल्युअर.

"म्हणजे नक्की काय हो झालंय त्याला?"

मेकॅनिकने चष्मा कपाळावर सरकवला. "मावशी, आत याद्या असतात. माणसं हात धरून रांगेत उभी असावीत तशा. माझ्या मागे कोण, पुढे कोण, हे प्रत्येकाला ठाऊक. मधूनच कुणाचा जबाब जुळेना झाला, की यंत्र म्हणतं, कुणीतरी आत ढवळाढवळ केलीय. आणखी नासाडी होण्यापेक्षा मी थांबतो."

"मग धरा ना त्या कुणीतरीला!"

"तेच तर चाललंय."

सोमवारी त्याने सिस्टिमच्या बिघडलेल्या फाइली तपासून दुरुस्त केल्या होत्या. मंगळवारी पुन्हा तपासल्या तर भलत्याच फाइली बिघडलेल्या. मग संशय ड्रायव्हरवर, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रामवर. आवाजाचं कार्ड चालवणारा ड्रायव्हर काढून नवा घातला, तर पुढच्या वेळी बिघाडाच्या नोंदीत नेटवर्कच्या ड्रायव्हरचं नाव. तो बदलला, तर आज डिस्कच्या ड्रायव्हरचं.

"दर वेळी नवा चोर," तो वैतागून म्हणाला.

धाकटीने एकतीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट म्हणून काढली होती. जुन्या यंत्राचा खटखटाट अजून तिच्या बोटांत होता. "आमच्या टाइपरायटरचा 'क' अडकला की रोज 'क'च अडकायचा. असा आज याच्यावर, उद्या त्याच्यावर आळ घेत नसे. सगळीच अक्षरं आळीपाळीने वाकडी उठायला लागली, तर आम्ही अक्षरांना नाही, कागदामागच्या रुळाला बघायचो. सगळी त्याच्यावरच उमटतात ना!"

मेकॅनिकचा हात थांबला. "सगळी ज्याच्यावर उमटतात..." मग तो हळूच म्हणाला, "रॅम. यंत्राची कामचलाऊ मेमरी. प्रत्येक फाइल तिच्यातूनच जाते."

"पण ती तुम्ही पहिल्याच दिवशी बघितलीत!"

"बघितली नाही, मावशी. घासली." तो ओशाळला. कुठलंही यंत्र आलं की आधी रॅमच्या पट्ट्या काढायच्या, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं, परत बसवायच्या. वीस वर्षांची सवय. खोडरबर फिरलं की रॅम त्याच्या हिशेबी निर्दोष.

त्याने मेमरीची चाचणी लावली. दुपारभर आकडे सरकत राहिले आणि चुकांच्या लाल ओळी उमटत गेल्या. एक पट्टी काढली, लाल ओळी गेल्या. ती एकटी लावली, पुन्हा आल्या.

"ही जुन्या बाजारातली दिसते. कुणी बसवली?"

"मीच बसवून घेतली," धाकटी म्हणाली. "महिन्याभरापूर्वी. वेग वाढेल म्हणून." आणि ती स्टुलावरून उठली. "त्यानंतरच मी सगळी वाक्यं एकत्र दाबून एका झिप फाइलीत बांधली. डिस्क भरली होती, म्हणून मूळ फाइली खोडल्या."

तिचं गाठोडं त्या नासक्या पट्टीतूनच बांधलं गेलं होतं. उघडायला घेतलं तेव्हा फाइलीमागून फाइल बिघडलेली म्हणून नाकारली गेली. पाचशेपैकी दोनशे एकाहत्तर निघाली. खोडलेल्या जागी तर तीन दिवसांच्या दुरुस्तीने नवंच काही लिहून ठेवलं होतं.

"एकोणतीस कमी," ती पुटपुटली. "एकोणतीस वाक्यांसाठी ताई मुकी राहणार. माझ्या हातून."

मेकॅनिकने पाण्याचा ग्लास तेवढा पुढे केला.

ग्लास खाली ठेवून तिने विचारलं, "'वाया' नावाचा फोल्डर आहे का बघा. चुकलेली वाक्यं त्यात टाकायचे. पट्टी बसवायच्या आधीची आहेत ती. गाठोड्यात नाही घेतली, खोडलीही नाहीत."

होता. पहिली फाइल उघडली, आणि दुकानात ताई खोकली. मग तोच करडा आवाज, "खिडकी लाव ग आधी. किती वेळा सांगायचं?"

धाकटीने डोळ्यांना पदर लावला.

"कंपनीने वाचायला दिलेल्या यादीतली वाक्यं नाहीत ही," मेकॅनिक चाचरत म्हणाला. "चालतील का, देव जाणे. पण जे बोललंय ते अक्षरशः टाइप करून सोबत दिलं, तर विचारून बघू."

"कीबोर्ड इकडे सरकवा."

खोकले, हसणं, भांड्यांचे आवाज वगळत ती एकेक फाइल ऐकू लागली. सातव्या फाइलीत ताई म्हणत होती, "तुझी नेहमीची घाई! एक दिवस सगळं वाया घालवशील."

वाक्य स्वच्छ होतं. मागे कसलाही आवाज नव्हता. धाकटीने ते एकही अक्षर न गाळता टाइप केलं आणि आठवी फाइल उघडली.