बत्तीस पानांचं एक पान

घाटनांदूरच्या डाळमिलला लागून शिवकन्याबाईंचा दोन एकरांचा रस्त्याकडेचा तुकडा होता. मिलचे थोरले भागीदार विश्वेश्वर शेठ यांच्या मनात तिथं गोदाम कधीच उभं राहिलं होतं. जमीन तेवढी अजून बाईंच्या नावावर राहून गेली होती. ही चूक दुरुस्त करायला शेठनी बाईंना भागीदार करायचं ठरवलं. जमीन हेच बाईंचं भांडवल.

"करारनामा बत्तीस पानांचा हाय," अंबाजोगाईच्या वकील स्वप्नालीला शेठ म्हणाले. "बाईंना एवढं वाचायला येळ कुठला? मतं, नफा आन् बाहेर पडायचं, एवढं एका पानात बसवा. गोड गोड."

"करारात आहे तेच लिहीन, शेठ."

"मग खोटं लिवा कोण म्हणतंय? जरा कमी लिवा."

स्वप्नालीनं दोन दिवस करार वाचला. कलमाकलमातून शेठचं भागीदारांवरचं प्रेम ओसंडत होतं. कुठल्याही निर्णयाचा ताप म्हणून त्यांना होऊ दिला नव्हता.

सोमवारी मिलच्या ऑफिसात सगळे बसले. दुसरे भागीदार गुरुपाद, शेठचे चुलतभाऊ, अंगावरचा डाळीचा भुसा झटकत आले. अकरा वर्षं मिल तेच चालवत होते. करारावर सही त्यांनी सुरुवातीलाच, न वाचता केली होती. थोरल्या भावासमोर चष्मा लावून कागद वाचणं त्यांना बरं दिसलं नव्हतं.

स्वप्नाली वाचू लागली. "मत भांडवलाच्या प्रमाणात. शिवकन्याबाई, तुम्ही आल्यावर शेठ पंचावन्न टक्के, गुरुपाद पंचवीस, तुम्ही वीस. पन्नासच्या वर मतं पडली की निर्णय झाला."

"आन् आमी दोघंबी नको म्हणलो तर?" बाईंनी विचारलं.

"तर तुमचं 'नको' बैठकीच्या वहीत लिहिलं जाईल."

"आतापोत्तर कसं होतं?" गुरुपादनी विचारलं.

"शेठ सत्तर, तुम्ही तीस."

अकरा वर्षं प्रत्येक निर्णयावर गुरुपाद घसा कोरडा करून भांडले होते. शेठ शांतपणे ऐकत, चहा मागवत आणि मनातलं करून मोकळे होत. चर्चा यालाच म्हणतात, असा गुरुपादांचा समज होता.

"नफा," स्वप्नाली पुढं म्हणाली. "आधी शेठचा पगार आणि सगळ्यांच्या भांडवलावर बारा टक्के व्याज वजा. उरलेला त्याच प्रमाणात. तोटा मात्र समान."

"म्हंजी नफ्यात वीस आन् तोट्यात तिसरा हिस्सा?" बाईंनी विचारलं.

"हो."

"तुरीचा भाव पडला त्या साली म्या निम्मा तोटा भरलता," गुरुपाद पुटपुटले. "नशीब म्हणलतो."

"कलम चौदा," स्वप्नाली म्हणाली.

शेठनी पंखा वाढवायला सांगितलं.

"बाहेर पडायचं तर सहा महिन्यांची नोटीस. भांडवल वहीतल्या किमतीनं, तीन वर्षांत, तिमाही हप्त्यांनी, बिनव्याजी. मिलच्या नावलौकिकात वाटा नाही."

"आन् माझी जमीन?"

"भांडवल म्हणून घातली की ती फर्मची. परत मिळतील ते पैसे, आज वहीत मांडाल त्या किमतीचे. मग तिथला भाव कुठंही जावो."

"मॅडम," शेठ म्हणाले, "म्या कमी लिवा म्हणलतो."

"एकच पान आहे, शेठ."

शिवकन्याबाईंनी कागद पर्समध्ये ठेवला. "जमीन माझ्याच नावावर ऱ्हाईल. फर्मला भाड्यानं देते, नोंदणी करून. भागीदारीत रोख घालते, आन् तोटाबी नफ्याच्याच हिश्शानं. बघा, जमतंय का."

"अक्का, ठरवणार कोण? सत्तर टक्के मतं माझी हायत."

"नवा भागीदार घ्यायला आणि करार बदलायला सगळ्यांची लेखी संमती लागते," स्वप्नाली म्हणाली. "कलम सव्वीस. तेवढं एक काढायचं राहिलंय तुमच्याकडून."

सगळ्यांनी गुरुपादांकडं बघितलं. इतकी माणसं एकदम आपल्याकडं बघतायत, याची त्यांना सवय नव्हती.

"मी सही करणार न्हाई," ते म्हणाले.

"का रं?" शेठनी विचारलं.

"आधी वाचणार. बत्तीसच्या बत्तीस पानं."

त्यांनी चष्मा लावला आणि शेठसमोरच बसून वाचलं. मग सरळ सांगितलं, "दादा, करार बदला, न्हाईतर सहा महिन्यांची नोटीस घ्या. मिल तुमी चालवा."

मिल कशी चालते हे शेठना ठाऊक नव्हतं. ते फक्त मालक होते. गोदामाच्या पत्र्याची ऑर्डरही देऊन बसले होते. पंधरा दिवसांत नवा करार झाला. कर्ज, मोठी मशीन आणि नवा भागीदार यांना तिघांची संमती. तोटा नफ्याच्या प्रमाणात. बाहेर पडणाऱ्याला चालू बाजारभावानं वर्षाच्या आत पैसे. बाई दहा टक्क्यांच्या भागीदार झाल्या, जमिनीचं भाडं वेगळं. शेठनी स्वप्नालीची फी दिली आणि पुढच्या कामाला लातूरचा वकील बघणार असल्याचं आपुलकीनं कळवलं.

पहिल्या बैठकीनंतर गुरुपादांचा तिला फोन आला. आवाज घाबरा होता.

"मॅडम, दादा नवी मशीन घिऊ म्हणले. मी न्हाई म्हणलो, आन् त्यांनी खरंच न्हाई घेतली. आता फुडं काय करायचं असतंय?"