छताखाली काय चालतं?

काकूंनी एकदाच सांगितलं, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायची त्यांना सवयही नव्हती. उन्हाळ्याच्या आत कारखान्याचं छत बदललं तर काका कामावर जातील, नाहीतर घरी बसतील. गेल्या वर्षी तापलेल्या पत्र्याखाली काका बाकावरून खाली कोसळले होते आणि शुद्धीवर यायला पाव तास लागला होता. पुतण्या तो पाव तास अजून विसरला नव्हता. त्याचे वडील गेले तेव्हा तो जेमतेम अठराचा. नळांना मुलामा देण्याचा हा छोटा कारखाना काकांनीच सावरला, आणि पोरगा हाताशी आल्यावर चाव्या त्याला देऊन ते मुकाट्यानं तपासणीच्या बाकावर जाऊन बसले. असा माणूस घरात बसवला तर दोन महिन्यांत खचणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा!

म्हणून पुतण्यानं उष्णतारोधक पत्रे विकणाऱ्या कंपनीला चौकशी पाठवली. तीन हजार चौरस फूट छत, मध्ये फोम भरलेले पत्रे, जाडी पन्नास मिलिमीटर. फोमची घनता किती, वरचा पत्रा किती जाडीचा, हमी किती वर्षांची, आणि बसवून चौरस फुटाला भाव काय? चौकशी अगदी चोख होती. कंपनीनं उलट एक फॉर्म पाठवला आणि त्यात विचारलं, छताखाली काय चालतं? पठ्ठ्यानं लिहिलं, ‘नळांची तपासणी आणि पॅकिंग.’ मागच्या टोकाला आम्लाच्या टाक्या आहेत, त्यांचं नाव नाही. आधीच्या एका विक्रेत्यानं आम्ल म्हटल्याबरोबर हमीवर काट मारली होती, आणि एवढा पैसा हमीशिवाय छतावर घालायची याची छाती नव्हती.

कंपनीची बाई मापं घ्यायला आली त्या दिवशी यानं टाक्या बंद ठेवल्या आणि मागचं शटर अर्धं ओढलं. तिनं शिडीवर चढून छताचा उतार पाहिला, पत्रे ज्यांवर बसतात त्या लोखंडी पट्ट्यांमधलं अंतर मोजलं, आणि खाली उतरून सहज विचारलं की इथे वाफा वगैरे काही असतात का. पुतण्या काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात काका उठले.

“या ना,” ते म्हणाले, “टाक्या दाखवतो.”

टाक्यांवरचा जुना पत्रा खालून खाऊन गेला होता. भोकांतून ऊन आत येत होतं. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं आणि भाव न सांगताच निघून गेली.

“संपलं,” पुतण्या चिडून म्हणाला. “हमी गेली. आता बसा घरी.”

“माझ्यासाठी केलंस, ते कळतं रे मला,” काका म्हणाले. “पण उद्या नवा पत्राही असाच खाऊन गेला, तर हमी मागायला कुठल्या तोंडानं गेला असतास?”

पुतण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानं डोळे पुसले, ऑफिसात जाऊन बाईंना फोन लावला आणि टाक्या, वाफा, शटर, सगळं खरं सांगून टाकलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, तुमच्या दारावरच्या पाटीवर मुलामा असं हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होते.

मग त्यांनी रस्ता काढला. टाक्यांपुढे छतापर्यंत भिंत घालायची आणि वाफ उंच धुराड्यातून बाहेर सोडायची. तिथे कोणी बसत नाही, म्हणून वर साधे फायबरचे पत्रे पुरतील, त्यांना हमी नाही. फोमचे पत्रे फक्त बाकीच्या दोन हजार फुटांवर. तिथे रंगाला आणि लेपाला दहा वर्षांची हमी, गळतीला दोन वर्षांची; पण स्क्रू आमचे, बसवणारी माणसं आमची, आणि पत्रा ग्राइंडरनं कापायचा नाही, ठिणग्यांनी लेप जळतो. हे सगळं लेखी आलं. भिंत आणि धुराडं धरूनही खर्च त्याच्या आवाक्यात बसला.

छत बसलं. पुढच्या आठवड्यात कडक ऊन पडलं, आणि बरोबर बाराला काकू कारखान्यात हजर. कुणाच्या शब्दावर विसंबतील तर त्या काकू कसल्या! काकांना बाकावरून उठवून त्या स्वतः बसल्या, चांगल्या तासभर. काका परीक्षेला बसल्यासारखे समोर उभे. हे काय चाललंय, असं काकूंना विचारायची पुतण्याची घरीही हिंमत होत नसे, इथे काय होणार.

नुसतं बसून काय करायचं, म्हणून काकूंनी समोरचे नळ उचलून बघायला सुरुवात केली. एक नळ त्यांनी बाजूला काढला.

“हा डाग दिसला नाही तुम्हाला?”

काकांनी नळ डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि कबूल केलं की हल्ली बारीक डाग सुटतात.

काकूंनी पदरानं कपाळ टिपून पाहिलं. कोरडं होतं.

“उद्यापासून मी येते,” त्या पुतण्याला म्हणाल्या. “इथे अजून एक स्टूल ठेव.”