‘बघू’ चालणार नाही

थोरल्याची सगळी हयात नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात जात आली होती, आणि त्या खात्याचा आत्मा एका शब्दात मावत असे: बघू. गच्चीची परवानगी? बघू. भिंत वाकलीय? बघू. हा शब्द ‘नाही’ पेक्षा सभ्य आणि ‘हो’ पेक्षा सुरक्षित, असं त्याचं ठाम मत होतं. हळूहळू तो घरातही आला. न्हाणीघरातला नळ गळायला लागून आता बराच काळ लोटला होता. तो ‘बघू’ खात्यातच जमा होता.

त्यामुळे आईनं एके दिवशी चष्मा पुसत विचारलं, “अरे, मी बोलायच्या अवस्थेत नसले, तर माझ्या वतीनं कोण बोलणार?” तेव्हा तो सवयीनं म्हणाला, “बघू गं.”

“बघायला मी नसेन ना. म्हणून तर विचारतेय,” आई म्हणाली.

आईनं चाळीसेक वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. मोघम माप तिला खपत नसे. आता बाकीच्या आयुष्याचंही माप घेऊन ठेवावं असं तिनं मनावर घेतलं. आधी लिहून ठेवायचं, काय उपचार करायचे, काय नाही. त्यासाठी ती घरच्या डॉक्टरकडे गेली, थोरल्याला सोबत घेऊन. तिनं चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘मला नळ्या लावू नका.’

डॉक्टरीणबाईंनी ती वाचून विचारलं, “कुठल्या नळ्या?”

“सगळ्या.”

“सलाईनचीही? नाकाजवळ प्राणवायूची असते तीही? लघवीची?”

आईचा चेहरा उजळला. तिला नवी माहिती मिळाली की असंच होई. “म्हणजे नळ्यांत जाती असतात? आणि ती श्वासाची, ती घशातून वळते कशी?”

मग अर्धा तास बाईंनी कागदावर घसा काढून दाखवला. यंत्राला जोडायची नळी कुठली, पोटात अन्न सोडायची कुठली, आणि केवळ त्रास कमी व्हावा म्हणून लावतात ती कुठली. थोरला भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे बघत बसला. फुप्फुस गुलाबी होतं आणि प्रसन्न दिसत होतं.

“आणि हे कधी लागू होतं?” आईनं विचारलं.

“तुम्ही बोलू शकता तोवर मी तुम्हालाच विचारणार, कागदाला नाही. तुम्हाला ठरवता येईना, आणि आजार असा की त्यातून सुधारायची आशा नाही, तेव्हाच हा कागद बोलणार. तेव्हाही माझ्या एकटीच्या शब्दावर नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि आणखी दोन जाणते मिळून एक मंडळ, मग त्यावर दुसरं मंडळ, आणि तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती. वेदना कमी करणं मात्र कोणी थांबवत नाही. आणि मन बदललं, तर असाच नवा कागद करायचा.”

“बरंच काम आहे,” थोरला म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या आवाजात कौतुक होतं. कुठलंही काम दोन मंडळांतून जातं म्हटलं की त्याला विश्वास वाटे.

मसुदा तयार झाला. नेमलेल्या माणसाच्या जागी थोरल्याचं नाव आलं. त्या रात्री तो टेबलाशी बसला, मसुद्याखाली ‘साक्षीदार’ अशा दोन रिकाम्या जागा दिसल्या, आणि हातात पेन होतं. एका जागी त्यानं सही ठोकली, दुसरीत बायकोची घेतली. काम पुढे ढकलायचं नाही, असा निश्चय त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केला होता.

सकाळी आई आणि थोरला तो कागद घेऊन नोटरीकडे गेले. नोटरी म्हणजे एक शांत बाई, टेबलावर शिक्का आणि एक थकलेला पंखा. बाईंनी कागद वाचला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग थोरल्याकडे बघितलं.

“तुमची सही साक्षीदार म्हणून आहे. कशाचे साक्षीदार तुम्ही?”

“सहीचे. आईच्या.”

“आईंची सही कुठंय?”

थोरल्यानं वाकून पाहिलं. आईच्या सहीची जागा कोरी होती.

“ती… करणारच होती.”

“होऊ घातलेल्या सहीचे साक्षीदार,” आई म्हणाली, “खात्याची कमाल आहे.”

नोटरीबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा शिक्का किंचित हलला. “साक्षीदारानं बघायचं असतं, की ह्या स्वतःहून, दबावाशिवाय, समजून सही करताहेत. तसं दोघा साक्षीदारांनी आणि मीही लिहून द्यायचं असतं. शिवाय साक्षीदार शक्यतो स्वतंत्र हवेत. ‘शक्यतो’ म्हटलंय, पण तुम्हीच आईंच्या वतीनं बोलणार आणि तुम्हीच साक्षीदार म्हटलं, की उद्या कोणीही बोट दाखवेल. नवी प्रत काढा. बाहेरची दोन माणसं आणा.”

दुपारी नवी प्रत आणि नवी माणसं आली: समोरच्या दुकानातले चष्मेवाले आणि माडीवरच्या फोटोग्राफरबाई. दोघंही आईची जुनी गिऱ्हाइकं. दोघांनाही आत काय लिहिलंय याची भयंकर उत्सुकता.

“मला वाटलं इस्टेट असेल,” चष्मेवाले निराश होऊन म्हणाले. “मावशी, एक विचारू? हे कोणी करायला लावलं तुम्हाला?”

“मी. आणि नळ्या सगळ्या नाहीत हं, दोनच जाती. विचारा, पाठ आहे.”

त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, वळणासकट. फोटोग्राफरबाई मान डोलावत ऐकत होत्या, जणू चांगला प्रकाश मिळाला.

“आणि वेळ आली तर तुमच्या वतीनं कोण?” त्यांनी विचारलं.

“हा,” आईनं बोट दाखवलं.

“मान्य आहे ना?” नोटरीबाईंनी थोरल्याला विचारलं.

“हो. म्हणजे, तेव्हा काय ते बघू.”

पंख्याचा आवाज अचानक मोठा झाला. आईनं पेनाचं टोपण लावलं.

“बाई, नाव बदला. माझ्या धाकट्या लेकीचं घाला.”

“आई!”

“नळाचं काय झालं?”

“नळाचा इथं काय संबंध?”

“तो तुझ्याच शब्दावर गळतोय. मी तशी गळत पडणार नाही.” ती चिडली नव्हती, हे जास्त वाईट होतं. ती त्याच्याकडे कापडाकडे बघावं तशी बघत होती, पुरेल का याचा अंदाज घेत. “डॉक्टर तुला बाहेर बोलावतील. म्हणतील, मंडळांनी पाहिलं, यंत्राचा आता उपयोग नाही. काय म्हणशील? तो शब्द न वापरता सांग.”

थोरल्यानं तोंड उघडलं. ‘विचार करतो’ हा शब्द जिभेवर आला, तो त्याच खात्यातला निघाला. ‘बहिणीला विचारतो’ हाही. त्याला एकदम ते गुलाबी फुप्फुस आठवलं, आणि त्या चित्राकडे बघत आपण आईकडे बघायचं टाळत होतो हेही.

“म्हणेन,” तो म्हणाला, “आईनं सांगितलंय. थांबवा.” आणि जरा थांबून, “वेदनेचं औषध चालू ठेवा.”

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला.

“जमलं,” आई म्हणाली आणि टोपण काढलं. तिनं दोघांसमोर सही केली, सावकाश, टाके घालावेत तशी. मग साक्षीदारांनी, मग शिक्का.

एक प्रत डॉक्टरीणबाईंकडे, एक थोरल्याकडे, आणि एक नगरपालिकेनं या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची होती. तो अधिकारी थोरल्याच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून बसे. त्यानं कागद उलटासुलटा केला आणि ट्रेमध्ये टाकला.

“राहू दे इथं. बघू.”

थोरल्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

“पोच दे,” तो म्हणाला. “तोवर मी इथंच आहे.”

पोच घेऊन तो निघाला, आणि घरी जाताना नळाचा वायसर विकत घेऊन गेला.