एकतीस नोंदींचं पत्र

तिने पत्र तिसऱ्यांदा वाचलं आणि 'अत्यंत मनस्ताप' हे दोन शब्द खोडले. रक्तपेढीत तेहतीस वर्षं नोकरी केलेली बाई. रक्ताच्या पिशव्या ठेवतात त्या फ्रीजचं तापमान दर चार तासांनी बघायचं, दोन ते सहा अंशांच्या आत आहे ना याची खात्री करायची, वहीत लिहायचं, सही करायची. सहकारी तिला 'थर्मामीटर' म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही. वहीत मनस्ताप लिहायला रकाना नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नोकरीनिमित्त लांब राहायची आणि रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करायची. दिवसभरात तिच्याशी बोलणारं एवढंच माणूस. बाकी दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा आणि भाजीवाल्याला फोनवर यादी पाठवली की भागायचं.

गेल्या महिन्यात नेट जायला लागलं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, आणि कधी नेमकं सातनंतर. मुलगी बोलता बोलता म्हणायची, "आई, तू अडकतेयस. तुझं नेट गेलं बहुतेक," आणि पडदा काळा व्हायचा.

तिने कंपनीला फोन केला. "राउटर बंद करून चालू करा," पलीकडची मुलगी म्हणाली. केला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला : आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. तिसऱ्या दिवशी नेट पुन्हा गेलं. पुन्हा फोन, पुन्हा तोच मेसेज. चौथ्या खेपेला एकजण म्हणाला, "मॅडम, वायफायवर घेतलेली स्पीड टेस्ट आम्ही धरत नाही. वायर लावून घ्या."

"ठीक आहे," ती म्हणाली. आणि कपाटातून कोरी वही काढली.

सव्वीस दिवस तिने नोंदी ठेवल्या. तारीख, नेट गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ, राउटरवरच्या दिव्याचा रंग. लॅपटॉपला वायर जोडून दिवसातून तीनदा स्पीड टेस्ट. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं :

'माझी जोडणी शंभर एमबीपीएसची आहे. सव्वीस दिवसांत ती एकतीस वेळा खंडित झाली. सर्वांत मोठा खंड १४ तारखेला, सकाळी ११.०५ ते दुपारी १.४०. वायरने घेतलेल्या अठ्ठ्याहत्तर चाचण्यांपैकी त्रेपन्न वेळा वेग वीसच्या खाली होता. सर्वांत कमी ६.४. माझ्या चार तक्रारी दुरुस्ती न करता बंद केल्या गेल्या. त्यांचे क्रमांक खाली दिले आहेत. कृपया दोष शोधावा आणि कारण लेखी कळवावं.'

वहीच्या पानांचे फोटो जोडून तिने पत्र पाठवलं.

पाचव्या दिवशी लाइनमन आला. चाळिशीचा, पाठीला पिशवी, बोलायला मोकळा. "काकू, तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. आमच्या साहेबांनी मला धारेवरच धरलं, म्हणाले, बाई तुझ्यापेक्षा नीट लिहिते."

त्याने राउटरमधली बारीक पिवळी वायर काढून हातातल्या यंत्राला लावली. "बघा. प्रकाश उणे एकोणतीस येतोय. उणे वीसच्या आसपास पाहिजे. एवढ्या मंद प्रकाशात राउटर कसाबसा चालतो, आणि प्रकाश जरा आणखी कमी झाला की लाल दिवा."

वायरीचा माग काढत तो जिन्यात गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या डब्याचं झाकण उघडलं, तर आत तिची वायर झाकणाखाली चेपून दुमडलेली. "कुणीतरी दुसऱ्याची जोडणी करताना कोंबलीय. काचेचा तंतू असतो हा, काकू. दुमडला की प्रकाश बाहेर सांडतो. झाकण जरा हललं की गेलं नेट." त्याने खराब तुकडा कापला, नवा जोड दिला. यंत्रावर उणे एकोणीस आलं. वायरने टेस्ट घेतली : सत्त्याण्णव.

मग पिशवीतून एक कागद काढत तो जरा अडखळला. "यावर सही लागेल. आमच्याकडे प्रत्येक राउटरची नोंद आपोआप होते, केव्हा बंद, केव्हा चालू. तुमच्या एकतीसपैकी बावीस आमच्याशी मिनिटाला मिनिट जुळल्या. नऊ जुळत नाहीत. त्या वेळी तुमची लाइन चालू होती."

"शक्य नाही."

"समोरच्याचं नेट गेलं असेल. होतं असं."

तिने वही उघडली. त्या नऊ नोंदी संध्याकाळी सात ते साडेसातमधल्या होत्या. बावीस नोंदींसमोर दिव्याचा रंग 'लाल' लिहिलेला. या नऊंसमोर नुसती रेघ. राउटर बाहेरच्या खोलीत होता, ती आत पडद्यासमोर. उठून बघायला गेली तोवर दिवा हिरवा असायचा. ती धरून चालली होती, की नेट गेलं आणि आलं. खरं तर ते जाताना तिने पाहिलंच नव्हतं. मुलगी म्हणाली म्हणून लिहिलं होतं.

आयुष्यात तिने न बघितलेलं तापमान कधी वहीत लिहिलं नव्हतं.

"काकू? पाणी देऊ का?" लाइनमनने तिच्याच घरात तिला विचारलं.

"नको. पेन द्या."

तिने नऊ नोंदींवर एकेक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली, चुकीची नोंद दुरुस्त करायची पद्धत असते तशी. तो गेल्यावर अधिकाऱ्याला दोन ओळी पाठवल्या : नऊ नोंदी मागे घेत आहे, त्या मी प्रत्यक्ष पाहिल्या नव्हत्या. बावीस कायम.

तासाभरात अधिकाऱ्याचा फोन. "मॅडम, तक्रार मागे घेतलेली पाहिली आहे, नोंदी कुणी मागे घेत नाही. कारणाचं पत्र उद्या पाठवतो." मग जरा थांबून, "आणखी काही अडचण आहे का?"

"तुमच्याकडची नाही," ती म्हणाली.

सातला कॉल आला. जेवलीस का, ऑफिस कसं, गुडघा कसा. नेहमीचेच प्रश्न, नेहमीचीच उत्तरं. मग दोघी गप्प. सात वाजून बारा मिनिटांनी मुलगी म्हणाली, "आई, तू अडकतेयस बघ..."

"नाही गं. नेट आज दुरुस्त झालं. मी हलत नव्हते, एवढंच."

पडद्यावर मुलीचा चेहरा तसाच राहिला.

"नऊ वेळा झालं असं," ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम सपाट ठेवला. "तुला ठेवायचा असतो तर ठेवते म्हणावं ना."

"म्हणायचे की आधी." मुलीने डोळे खाली घेतले. "मी ठेवते म्हटलं की तुझा चेहरा पडतो, आई. मग रात्रभर तोच दिसतो मला. नेट गेलं म्हटलं की तू नेटवर चिडायचीस. ते बरं वाटायचं."

"पडतो? मला नाही कळत."

"कसा कळेल? तू माझ्याकडे बघत असतेस."

लाइन स्वच्छ होती. मुलीच्या खोलीतल्या पंख्याचा आवाजही ऐकू येत होता.

"रोज नको करूस," शेवटी तीच म्हणाली. "रोज काय घडतं आपल्याकडे? रविवारी आणि बुधवारी कर."

मुलगी लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की दोघींनाही ते लागलं.

त्यानंतरचे गुरुवार, शुक्रवार, शनिवार लांबलचक गेले. सात वाजले की हात फोनकडे जायचा. शनिवारी ती उगाच खाली उतरली, दुकानात जाऊन भाजी स्वतः निवडली. भाजीवाला म्हणाला, "फोनवरच्या काकू तुम्हीच का?" ती हसली. वर येऊन कुलूप उघडलं, तेव्हा घर होतं तसंच होतं.

रविवारी मुलीने तिकडचं घर बदलायचंय असं सांगितलं, ऑफिसातल्या एका बाईची नक्कल केली, पंचवीस मिनिटं बोलली. मग म्हणाली, "ठेवते गं आता."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिने या वेळी स्वतःकडे पाहिलं. चेहरा खरंच पडला होता. मुलीलाही दिसला असणार. मुलगी क्षणभर थांबली, "बुधवारी," म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.