सोळा बायका आणि अडीचशे शब्द

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगते. त्या दिवशी मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत शिरले ते भांडायच्याच तयारीनं. एमडीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा तर एक तरी शोधनिबंध जर्नलला पाठवल्याची पोच जोडावी लागते, आणि फॉर्मची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. निबंध मी आठवड्यापूर्वीच पाठवला होता. जर्नलच्या ऑफिसनं तो कुणाला वाचायला न देताच परत केला. सारांश तीनशे अकरा शब्दांचा, मर्यादा अडीचशे, शीर्षकं चुकीची, कीवर्ड आठ, चालतात सहा. परत आलेल्या निबंधाची पोच धरत नाहीत; आता पुन्हा परत आला असता तर परीक्षा सहा महिने पुढं.

लायब्ररियन रत्नमाला मॅडम म्हणजे कॉलेजात सगळ्यांना धाक. चष्मा नाकावर, हातात पेन्सिल. सकाळपासून बसून मी सारांश बरोबर अडीचशेवर आणला होता. मला वाटलं, बघतील, बरं म्हणतील, की मी मोकळी.

त्यांनी आधी जर्नलच्या सूचनांची प्रिंट काढली आणि माझ्या कागदाशेजारी ठेवली. सूचनांत पाच शीर्षकं होती: पार्श्वभूमी, उद्दिष्टं, पद्धती, निकाल, निष्कर्ष. माझ्याकडं उद्दिष्टं पार्श्वभूमीतच कोंबलेली आणि शेवटी ‘चर्चा’. ते त्यांनी सरळ केलं. कीवर्ड म्हणून मी ‘करमाड’ हे गावाचं नाव घातलं होतं; वैद्यकीय विषयशब्दांच्या ठरलेल्या यादीत ते नाही म्हणून गेलं. यादीत बघून पाच ठेवले. मग त्यांची पेन्सिल एका तिरक्या रेघेवर थांबली. कॉम्प्युटर शब्द मोजतो ते मधली मोकळी जागा बघून, म्हणून मी आठ ठिकाणी शब्द रेघेनं चिकटवले होते. मॅडमनी एकेक रेघ खोडली. दोनशे अठ्ठावन्न झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही आला.

पण खरी गोष्ट पुढंच होती. करमाडजवळच्या एका गावात मी दोनशे बायकांचा अभ्यास केला होता, रक्त किती कमी आहे त्याचा. मॅडमनी निकालाची ओळ वाचली, कॅल्क्युलेटर काढला आणि विचारलं, "डॉक्टर, दोनशेतल्या एकशे चौदा म्हणजे सत्तावन्न टक्के. तुम्ही बासष्ट लिहिलंय."

टक्केवारी काढली होती ती एकशे चौऱ्याऐंशीवर, कारण सोळा बायकांनी रक्त दिलंच नव्हतं. तसं सांगणारं वाक्य निबंधात आहे; सारांशातून मात्र जागेसाठी सकाळी मीच कापलं होतं. आता वाचणाऱ्याला वाटलं असतं, पोरीनं आकडे फुगवले.

त्या सोळांतल्या भामाबाई डोळ्यांपुढं आल्या. मला चहा पाजला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, पण सुई नको म्हणाल्या. "कापूस वेचायला जायचंय बाई, हात दुखला तर रोज बुडंल. नाव मात्र लिहून घ्या माझं," म्हणाल्या होत्या. मी लिहून घेतलं होतं. आणि नऊ शब्दांसाठी खोडलं होतं.

वाक्य परत घातलं. दोनशे सदुसष्ट. घड्याळात सव्वातीन. मी कपाळाला हात लावला. मॅडमनी पार्श्वभूमीवर पेन्सिल ठेवली. तिथं देशातल्या स्त्रीआरोग्यावर माझी चार झोकदार वाक्यं होती, मला लई आवडलेली. एक ठेवलं, तीन गेली. मी तोंड फुगवून बसले होते, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मोजले तर दोनशे सेहेचाळीस. शीर्षकांसकट.

गाईड सरांना नवा सारांश पाठवला, त्यांचा होकार आला, आणि चार वाजून दहा मिनिटांनी निबंध गेला. तोवर मॅडम उठल्या नाहीत. माझ्यापायी त्यांचा डबा दुपारपासून तसाच बंद होता, हे मला तेव्हा दिसलं. पोच आली, छापली, पळत जाऊन फॉर्मला जोडली. तीन दिवसांनी जर्नलचं पत्र आलं: तपासणी पूर्ण, निबंध तज्ज्ञांकडं पाठवला.

पत्र घेऊन मी पेढ्यांसकट लायब्ररीत गेले. सांगितलं, तुमच्यावर चिडले होते, माफ करा. तुम्ही नसता तर परीक्षाही गेली असती आणि खोटारडीही ठरले असते. डोळे भरून आले, लपवले नाहीत. आभारात तुमचं नाव घातलंय, म्हटलं, आणि त्या दोनशे बायकांचेही आभार मानलेत.

मॅडमनी पेढा अर्धा केला. "आभार पहिल्या पानाच्या वेगळ्या फायलीत टाकलेत ना? तपासणाऱ्यांना ते दिसायला नको असतात, म्हणजे निबंध कुणाचा ते कळत नाही."

"तिथंच टाकलेत."

"आणि बायका किती लिहिल्यात?"

"दोनशे."

त्यांनी उरलेला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला.

रविवारी मी करमाडच्या बसमध्ये बसले. भामाबाईंना सांगायचं होतं, तुम्हालाही मोजलंय.